शब्दांची शेपटं

स्पॅनिश शिकताना मला त्या भाषेतल्या शब्दांची शेपटं फार आवडली. 'कासा' म्हणजे घर आणि 'कासिता' म्हणजे छोटं घर. पण मेक्सिकोत चांगल्या ऐसपैस घरालाही कुणी मायेनं 'कासिता' म्हणतं. 'आबुएला' म्हणजे आजी. 'आबुएलिता' म्हटल्यानं ती काही बुटकी होत नाही, लाडकी होते!

'ग्रान्दे' म्हणजे मोठा; 'ग्रान्दोते' म्हणजे चांगलाच थोराड. आई उंच झालेल्या लेकाला असं म्हणाली, तर ते कौतुक. वर्गात कुणी हसत हसत म्हणालं, तर तोच टोमणा, आणि तो लागतो. शब्द एकच, फरक आवाजात.

आपल्याकडे 'पोरगं' आणि 'पोरटं' म्हणून पाहा बरं! वय तेच, पण 'पोरटं' म्हणताना कपाळाला आठी पडतेच की नाही?