‘कॅश’ नावाचा पेशंट

मंडळी, आज राजकारण नाही. आज मेडिकलच्या बिलांवर.

माझ्या वडिलांची आरोग्य संजीवनी पॉलिसी आहे. ४ जूनला त्यांची अँजिओप्लास्टी होऊन डिस्चार्ज मिळाला. हॉस्पिटलचं बिल कॅशलेस झालं, म्हणून मी निवांत. पण कॅशलेस हॉस्पिटलच्या दारापाशी संपतं. पुढची औषधं आपण खिशातून आणायची आणि बिलं लावून पैसे परत मागायचे. या पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतची, त्याच आजाराची औषधं चालतात. म्हणजे आमच्यासाठी ३ ऑगस्टपर्यंत. त्यानंतर १५ दिवसांत, १८ ऑगस्टच्या आत, कागद द्यायचे.

देवनारला घराखालच्याच मेडिकलमधून औषधं आणली. तीन बिलं: ५ जूनचं १,४८० रुपयांचं, २० जूनचं १,५२० आणि ६ जुलैचं १,६१०. तिन्ही पक्की. तरी पास झालं फक्त पहिलं.

दुसऱ्याचं काय बिनसलं? डिस्चार्ज कार्डावर गोळ्या १५ दिवसांच्याच लिहिलेल्या. ते दिवस संपल्यावर मी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, "त्याच चालू ठेवा." आम्ही जुन्याच कार्डावर आणल्या. वडिलांच्या तब्येतीला तेवढं पुरेसं होतं, क्लेमला नव्हतं. कंपनीवाले बिलाची तारीख धरतात आणि त्या दिवशी ही गोळी चालू असल्याचं डॉक्टरांच्या हातचं कुठे दिसतं ते बघतात. फोन फाइलला लावता येत नाही! शेवटी डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलं की औषध फोनवरून पुढे चालू ठेवायला सांगितलं होतं. खाली तारीख लिहून दिली त्या दिवसाचीच. मागची तारीख घालायला ते तयार नव्हते, आणि बरोबरच होतं त्यांचं. ते बिल सुटलं.

तिसरं मात्र गेलं. त्याची चिठ्ठी होती, ४ जुलैच्या तपासणीची. पण दुकानात संध्याकाळची गर्दी, पोऱ्याने नावाच्या जागी ‘कॅश’ टाकलं आणि मी न बघता घडी करून खिशात घातलं. नंतर मालकाला म्हटलं, नाव टाकून द्या. तो म्हणाला, "दादा, प्रिंट परत देतो, पण कॉम्प्युटरमध्ये जे आहे तेच येणार." पेनाने नाव लिहिलं असतं तर खाडाखोड म्हणून उलट संशय. १,६१० रुपये आपले आपणच भरले.

आणखी एक गोष्ट यात कळली. छोट्या मशीनमधून निघणारी गुळगुळीत बिलं उन्हाने, उष्णतेने पुसट होतात. आमचं ५ जूनचं बिल ऑगस्टमध्ये जेमतेम वाचता येत होतं. मालकाने बिल नंबरवरून परत काढून सही-शिक्का दिला म्हणून निभावलं.

आता मी काउंटरवरून हलायच्या आधी पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव आणि तारीख वाचतो. मागे रांगेतले वैतागतात. घरी आलो की चिठ्ठी आणि बिल एकत्र टाचून दोन्हीची झेरॉक्स काढतो, कारण ओरिजिनल कंपनीकडे जातं. आई म्हणते, पेपरातली कात्रणं कधी एवढी जपली नाहीस.




कोणाचा क्लेम चिठ्ठीवरून अडकला असेल तर कमेंटमध्ये लिहा, नक्की काय कारण दिलं तेही.