जुळलेला ताळेबंद

कारंजा (घाडगे) हा संत्र्याचा पट्टा. इथल्या कृषी केंद्रांचा बराचसा धंदा उधारीचा. खत-औषध आज न्यायचं, पैसे बहार विकल्यावर द्यायचे. अशा दुकानांची खाती मी लिहितो. नवा दुकानदार पहिला ताळेबंद पाहून हमखास विचारतो, "भांडवल त माहं हाये न जी, मंग ते देण्यात कायले टाकलं?"

कारण वहीच्या लेखी दुकान वेगळं आणि मालक वेगळा. समजा, तुम्ही दोन लाख रोख घातले. रोकड खात्यात दोन लाख नावे, भांडवल खात्यात दोन लाख जमा. म्हणजे दुकानाकडे दोन लाख आले आणि तेवढेच ते तुमचं देणं लागलं. मग नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याकडून लाखाचा माल उधार आणला. माल नावे, व्यापारी जमा. त्यातला तीस हजारांचा माल शेतकऱ्याला छत्तीस हजारांना उधार दिला. आता हिशेब मांडा. रोकड दोन लाख, शिल्लक माल सत्तर हजार, शेतकऱ्याकडून येणं छत्तीस हजार, एकूण 3,06,000. समोर व्यापाऱ्याचं देणं एक लाख आणि भांडवल दोन लाख. सहा हजार कमी पडतात. तो नफा. तो मालकाचाच, म्हणून भांडवलात मिळवला की दोन्ही बाजू सारख्या.

1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोलीने व्यापाऱ्यांची हीच रीत छापून मांडली. प्रत्येक व्यवहार एकाच रकमेने दोनदा लिहिला जातो, म्हणून बेरजा जुळतात.

आता फळगळ झाली आणि ते छत्तीस हजार बुडाले असं धरा. बुडीत उधारी नावे, शेतकरी जमा. मालमत्ता 2,70,000 वर आली. तिकडे व्यापाऱ्याचा लाख तसाच, भांडवल मात्र 1,70,000 उरलं. तीस हजारांचं नुकसान झालं, तरी ताळेबंद जुळलेलाच.

चुकाही अशाच लपतात. एका गावात एकाच आडनावाची चार खाती असतात. एकाची उधारी दुसऱ्याच्या नावे पडली, तरी तेरीज बिनबोभाट जुळते. आता टॅली दोन्ही बाजू सारख्या नसतील तर नोंदच घेत नाही, पण खातं चुकलं तर तिला कळत नाही. ते कळतं वसुलीच्या वेळी, गिऱ्हाईक सही केलेलं बिल मागतं तेव्हा. बुडालेली उधारी येण्यात तशीच दाखवत राहिलात, तरी बेरीज तक्रार करणार नाही; नफा तेवढा खोटा फुगेल.

म्हणून 31 मार्चचा ताळेबंद हाती आला की तो जुळला का, हे विचारू नका. येणं कोणाकडे, किती आणि किती जुनं, ती यादी मागा.