सोयाबीनचं पीठ, थायरॉईडची गोळी आणि पापड



मागच्या दशलक्षणात मंदिराच्या ओल्या पायरीवर आमच्या जाऊबाई घसरल्या. पडल्या म्हणजे नुसत्या हातावर बसल्या म्हणा ना, तरी मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, पाळी जाऊन किती वर्षं झाली? जाऊबाई लाजून गप्प. शेवटी मीच सांगितलं, नऊ. ते म्हणाले, उभ्याउभ्या पडून मनगट मोडणं ही बहुतेक वेळा हाडं विरळ झाल्याची पहिली खूण असते, दोघींनीही डेक्सा तपासणी करून घ्या. माझा आकडा आला उणे २.१. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाड पातळ व्हायला लागलंय, आणि उणे २.५ च्या खाली ऑस्टिओपोरोसिस. जाऊबाई त्या खालच्या रांगेत होत्या.

आपलं हाड रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं भरतं. इस्ट्रोजेन असेपर्यंत ते मोडणाऱ्या पेशींना आवरून धरतं. पाळी जाताना ते ओसरतं, मोडणं वाढतं, भरणं मागे पडतं. ही घट पाळी जाण्याच्या सुमाराला आणि पुढची चार-पाच वर्षं सर्वांत वेगात होते. दुखत मात्र काहीच नाही, म्हणून कळत नाही. हे इथे लिहितेय ते मुख्यतः पंचेचाळीस-पन्नाशीच्या मैत्रिणींसाठी.

माझी सुरुवात हाडांपासून नव्हे, वाफांपासून झाली. बावन्नाव्या वर्षी रात्री अंगातून अशा गरम झळा यायच्या की उशी भिजायची. कुणीतरी सोयाबीन सांगितलं. त्यात आयसोफ्लेव्होन नावाचे पदार्थ असतात. त्यांचा आकार इस्ट्रोजेनसारखा, त्यामुळे शरीरात त्याच्याच जागेवर जाऊन बसतात, पण त्यांचा जोर फार कमी. म्हणून फायदाही बेताचाच. झळा काहीजणींना कमी होतात, काहींना अजिबात नाही. आतड्यातल्या जंतूंपैकी काही सोयापासून जास्त परिणामकारक पदार्थ बनवतात आणि ते जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात, हे त्याचं एक कारण मानतात. आठ ते बारा आठवडे खाल्ल्याशिवाय काही समजत नाही. मला साधारण दहाव्या आठवड्यात फरक वाटला, रात्रीचं उठणं चारवरून दोनवर आलं. हाडांसाठी मात्र सोयाच्या भरवशावर राहू नका, तिथला पुरावा कच्चा आहे.

प्रमाण सांगते. रोज पंचवीस ग्रॅम, म्हणजे दोन भरलेले मोठे चमचे सोयाबीनचं पीठ. त्यात सुमारे ४० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन मिळतात. सोयाबीन खमंग भाजूनच दळायचं, कच्च्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही. सोयाबीनच्या तेलात हे काही नसतं, तेव्हा "आम्ही सोया तेलच वापरतो" याचा इथे उपयोग नाही. आणि सोयाबीन हे द्विदल, म्हणून ते पीठ घातलेल्या थालीपिठाबरोबर कच्चं दही घ्यायचं नाही. माझ्या सुनेने एकदा सोयाचे वडे दह्यात सोडले होते, बिचारीला माहीत नव्हतं. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आहारातलं सोया घातक आढळलेलं नाही, पण आयसोफ्लेव्होनच्या तयार गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता माझी चूक. मला थायरॉईडची गोळी आहे. दर्शन झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही. त्यामुळे सकाळी मंदिर, अभिषेक, पूजा, आणि घरी आल्यावर गोळी आणि लगेच पाच मिनिटांत दुधात शिजवलेली नाचणी-सोयाची पेज. चार महिन्यांनी वजन वाढलं, दिवसभर झोप यायची, केस गळायला लागले. मी म्हटलं, वयच झालं. टीएसएच तपासला तर ३ वरून ११ वर! डॉक्टर गोळी वाढवणारच होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, गोळीनंतर काय खाता? सोया आणि दुधातलं कॅल्शियम दोन्ही ती गोळी नीट शोषू देत नाहीत. म्हणजे मी गोळी घेत होते, पण ती अर्धीमुर्धीच लागू पडत होती. मग क्रम बदलला. सूर्योदय झाला की आधी नुसतं दर्शन, घरी येऊन पाण्याबरोबर गोळी, आणि मग परत मंदिरात पूजा-स्वाध्याय. पेज तासाभराने. दोन महिन्यांनी टीएसएच ३.४, गोळी तेवढीच. कॅल्शियमच्या गोळीला तर चार तासांचं अंतर लागतं, ती मी दुपारच्या जेवणाबरोबर घेते.

डेक्सानंतर मी बी. कॉमची सवय बाहेर काढली आणि दिवसाचा कॅल्शियमचा हिशेब वहीत मांडला. या वयात रोज १२०० मिलिग्रॅम हवं. चहातलं दूध, एक वाटी दही, पोळ्या-भाजी-आमटी मिळून ४७० च्या आसपास. मी समजत होते, आपण दूधदुभतं खाणारे, आपल्याला कसली कमी! मग एक पेला दूध वाढवलं, २४०. चाळीस ग्रॅम नाचणीची भाकरी, १४०. दोन चमचे तिळाची चटणी, कागदावर १३०, पण तिळाच्या सालीतल्या घटकांमुळे त्यातलं थोडंच अंगी लागतं. बेरीज ९८०, उरलेलं गोळीतून. नाचणीला मोड आणले तर जास्त लागू पडते म्हणतात, पण आमच्याकडे मोड चालत नाहीत, भाजून दळते. एकाशनाच्या दिवशी हे सगळं एका बैठकीत खाल्लं तरी शरीर एका वेळी त्यातलं मर्यादितच घेतं, हे धरून चालावं.

ड जीवनसत्त्वाबद्दल एक. मऊ कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं असतं, आणि आतलं डी-३ बरेचदा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात. दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलंही मिळतं. दुकानदाराला नुसतं "व्हेज आहे का" विचारू नका, खोकं हातात घेऊन हिरवी खूण आणि स्रोत वाचा.

पापडाशिवाय हे पूर्ण होणार नाही. पाळी गेल्यावर वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, रक्तदाबही चढू लागतो. सोयाचं प्रथिन रोज पंचवीस ग्रॅम गेलं तर ते कोलेस्टेरॉल तीन-चार टक्के उतरतं, म्हणजे थोडंच, आणि माझ्या दोन चमचे पिठात तर प्रथिन दहा ग्रॅमसुद्धा नसतं. आपलं खरं दुखणं वेगळं आहे. चातुर्मासात पालेभाज्या बंद, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं बंद, मग ताटात येतं काय? पापड, लोणचं, सांडगे, खारवलेल्या मिरच्या. सगळं मीठ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ पुरे. आणि जास्तीचं मीठ लघवीतून जाताना कॅल्शियमही बरोबर घेऊन जातं. पेला भरून दूध प्यायचं आणि पापडाने ते वाहून न्यायचं, असा आमचा कारभार होता. आता त्या चार महिन्यांत मी मसूर-मुगाचं घट्ट वरण, मटकीची सुकी उसळ मोड न आणता, आणि शेंगदाण्याची बिनमिठाची चटणी करते. पापड रविवारी एक, तोही भाजून.

जाऊबाईंचं प्लास्टर निघालं आहे. डॉक्टरांनी त्यांना हाडांचं औषध सुरू केलंय, कारण उणे २.५ च्या खाली नुसत्या नाचणीने भागत नाही. पापड मात्र त्यांनी अजून सोडलेला नाही. म्हणतात, "तू सांगतेस ते खरं गं, पण आमटीभाताबरोबर काय खाऊ?"