पांढऱ्या साडीमागची भिंत



चातुर्मासात आपला स्वाध्याय आता मोबाइलवरही भरतो. सामायिकाची पांढरी साडी आणि मागे चुन्याची पांढरी भिंत असली की चेहरा काळवंडतो. परगावची लेक लगेच विचारते, "आई, बरं नाही का?" कारण साधं आहे. कॅमेरा बहुधा समोरच्या उजेडाची सरासरी काढतो. सगळीकडे पांढरंच दिसलं की उजेड फार आहे असं धरून चित्र गडद करतो. त्यात चेहराही झाकोळतो.

साडी बदलायची नाही, म्हणून भिंत बदलावी. करमाळ्याच्या आमच्या घरात रंग देण्याआधी मी जुन्या चादरी टांगून पाहिल्या. गडद निळ्यापुढे साडी भगभगीत झाली, चेहरा फिका पडला. भडक हिरव्याची झाक गालावर आली. थोडा मळकट पिस्ता मात्र जमला. साडीची कडाही दिसली, चेहराही.

तेवढ्या एका भिंतीला तो रंग डिस्टेंपरमध्ये दिला. ऑइलपेंट चकाकतो. बसायचं भिंतीपासून दोन हात पुढे, तोंड खिडकीकडे करून. खिडकी पाठीमागे आली, तर कोणताच रंग उपयोगाचा नाही.