थकलेला अडॅप्टर
कन्हानच्या मे महिन्यात राउटर दर काही तासांनी आपोआप बंद-चालू होऊ लागला, की संशय उन्हावरच जातो. रियाधहून भाईजानचा व्हिडिओ कॉल मध्येच तुटायचा आणि अम्मींचा जीव टांगणीला लागायचा. राउटर पंख्याखाली ठेवला, फर्मवेअर नवं केलं. फरक पडला नाही. फजरच्या गार हवेतही कॉल लागला की तो बंद पडायचा. म्हणजे दोष उष्णतेचा नव्हता.

मोकळा अडॅप्टर मल्टिमीटरवर 12 व्होल्ट दाखवायचा. राउटर जोडून मोजलं, तर कॉलच्या भारात 10 च्या खाली यायचा. आतला कपॅसिटर सुकला की असंच होतं. नवा घेताना व्होल्ट आणि पिनचे प्लस-मायनस तेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात.