तीन लेटमार्क म्हणजे अर्धा दिवस: पण मोजतं कोण आणि कसं?

तुमच्या पगाराच्या स्लिपवर ‘पेड डेज’ असा एक छोटासा चौकोन असतो. कधी नीट पाहिलाय? महिना ३० दिवसांचा, रजा एकही बिनपगारी नाही आणि तरी तिथे २९ किंवा २९.५ लिहिलेलं असतं. आपण बहुतेक वेळा खाली खात्यात जमा झालेली रक्कम पाहतो आणि स्लिप बंद करतो. तो अर्धा दिवस कुठे गेला, हे विचारत नाही.

मी बेंगळुरूमध्ये कंटेंट रायटर आहे. शिक्षण बीए इंग्लिश, त्यामुळे आकड्यांशी माझं फारसं सख्य नाही. पण मध्यंतरी पगाराच्या सॉफ्टवेअरसाठी मदतीचे लेख लिहायचं काम आलं आणि हा हिशेब मला मुळापासून समजून घ्यावा लागला. तो वाटतो तितका अवघड नाही, आणि तुम्हालाही पाच मिनिटांत तपासता येतो.

नियम साधारण असा असतो. ऑफिस साडेनऊला सुरू होतं. १० मिनिटांची सवलत, म्हणजे ९:४० पर्यंत आलात तर चालतं. त्यानंतर आलात की एक लेटमार्क. महिन्यात तीन लेटमार्क झाले की अर्धा दिवस वजा. दोन झाले तर काहीच नाही, पाच झाले तरी अर्धाच, सहा झाले की पूर्ण एक दिवस. म्हणजे तीनने भागायचं, उरलेली बाकी सोडून द्यायची आणि जो पूर्णांक येईल त्याला अर्ध्याने गुणायचं.

माझी रूममेट निपाणीची. तिच्या ऑफिसात हाच नियम आहे. पगार ३०,००० रुपये. एका महिन्यात तिच्या स्लिपवर ३० ऐवजी २९ दिवस आले, म्हणजे १,००० रुपये कमी. तिने हजेरीची यादी मागून घेतली आणि आम्ही ती जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो. यादीत सहा लेटमार्क होते: ९:४३, ९:५२, ९:४०, १०:०५, २:०० आणि ९:४८.

आता तुम्हीच पाहा. यातल्या दोन नोंदी खटकतात की नाही?

पहिली ९:४०. सवलत ९:४० पर्यंत आहे, मग लेटमार्क कसा? कारण बोट टेकवण्याचं मशीन सेकंदही साठवतं. पडद्यावर ९:४० दिसतं, पण आत नोंद ९:४०:२५ असते. एक्सेलला ‘९:४० पेक्षा जास्त का?’ असं विचारलं तर तो इमानदारीने ‘हो’ म्हणतो. चूक मशीनची नाही, नियम अर्धवट लिहिल्याची आहे. ‘९:४१ पासून उशीर’ असं लिहिलं की वाद संपतो.

दुसरी २:००. त्या दिवशी तिने सकाळची अर्धी रजा मंजूर करून घेतली होती आणि ठरल्याप्रमाणे दुपारी आली होती. रजेच्या खात्यातून अर्धा दिवस आधीच गेला होता. तरी यादीने ‘साडेचार तास उशीर’ धरून वर लेटमार्क दिला. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे! ही चूक फार ठिकाणी होते, कारण रजेची नोंद एका यादीत असते, हजेरीची दुसऱ्या यादीत, आणि दोन्ही एकमेकींशी बोलत नाहीत.

उपाय छोटा आहे. हजेरीच्या शीटमध्ये A रकान्यात कर्मचारी क्रमांक, C मध्ये येण्याची वेळ आणि D मध्ये त्या दिवसाची स्थिती ठेवायची. पूर्ण दिवस हजर असेल तर `P`, अर्धा दिवस असेल तर `HD`. मग E मध्ये हे सूत्र:

```
=IF(AND(D2="P",C2>=TIME(9,41,0)),1,0)
```

म्हणजे उशीर फक्त पूर्ण दिवसासाठीच मोजला जाईल आणि ९:४० चे सेकंद आड येणार नाहीत. मग वेगळ्या शीटवर प्रत्येकाची एक ओळ. तिथे त्याचे एकूण लेटमार्क I मध्ये आणि कपातीआधीचे दिवस J मध्ये असतील तर शेवटचा आकडा असा येतो:

```
=J2-INT(I2/3)*0.5
```

यातलं `INT` महत्त्वाचं. ते विसरलं तर दोन लेटमार्कवालीचाही एक तृतीयांश दिवस कापला जातो. स्लिपवर २९.६७ असा विचित्र आकडा दिसला तर समजा, इथेच घोळ झाला असण्याची शक्यता आहे. आणि एखाद्याच्या नावावर हजर दिवस तितकेच लेटमार्क दिसले तर वेळा मजकूर म्हणून साठल्यात का ते पाहा. एक्सेल मजकुराला आकड्यापेक्षा नेहमी मोठा समजतो, त्यामुळे नऊला आलेला माणूसही उशिरा ठरतो.

रूममेटचे सहापैकी दोन लेटमार्क गेले, चार उरले. चारला तीनने भागून एक, म्हणजे अर्धा दिवस. पेड डेज २९.५ झाले. तिने यादीवर खुणा करून पाठवल्या आणि पुढच्या पगारात ५०० रुपये परत आले.

पण इथे एक प्रश्न उरतोच. उरलेल्या चार दिवसांचा खरा उशीर साडेनऊपासून मोजला तरी १३, २२, ३५ आणि १८ मिनिटं, एकूण ८८ मिनिटं. त्या महिन्यात कामाचे २२ दिवस होते, रोज आठ तास, म्हणजे १७६ तास. या प्रमाणात ८८ मिनिटांचे होतात २५० रुपये. कापले गेले ५००.

पगारातून होणाऱ्या गैरहजेरीच्या कपातीबद्दल कायदा स्पष्ट आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातलं कलम ९ सांगत होतं की जितका वेळ गैरहजर, तितक्याच प्रमाणात कपात, त्याहून जास्त नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही हेच तत्त्व आहे. म्हणून पुष्कळ ठिकाणी अर्धा दिवस पगारातून न कापता रजेच्या शिलकीतून वजा करतात. केंद्र सरकारच्या कार्यालयांतही उशिराबद्दल अर्धी नैमित्तिक रजाच वजा होते, आणि योग्य कारण असेल तर महिन्यातून दोनदा, एक तासापर्यंतचा उशीर वरिष्ठ माफ करू शकतात. त्यामुळे स्लिप पाहताना आधी हे बघा: तुमचा अर्धा दिवस रजेतून गेलाय की पैशांतून? रजेतून गेला असेल तर कंपनीचे रजेचे नियम वाचायचे. पैशांतून गेला असेल तर मिनिटांचा हिशेब मागायला जागा आहे.

कुणी म्हणेल, वेळेवर निघा की! निघतो हो. पण बेंगळुरूची यलो लाइन ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा दोन गाड्यांमध्ये २५ मिनिटांचं अंतर होतं. एक गाडी डोळ्यांसमोरून गेली की १० मिनिटांची सवलत काय कामाची? शिस्त हवीच, पण तिचं मोजमापही सरळ हवं.

म्हणून महिना संपायच्या आत, पगाराची यादी बंद होण्यापूर्वी, आपल्या येण्याच्या वेळा एकदा मागून घ्या. सवलतीच्या काठावरच्या नोंदी आणि अर्ध्या रजेचे दिवस आधी तपासा. मग लेटमार्क मोजा आणि तीनने भागा. स्लिपवरचा आकडा जुळला तर उत्तम. नाही जुळला तर तारखेसकट लिहून पाठवा. नुसतं ‘माझा पगार कमी आलाय’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक तारखेला माझी अर्धी रजा मंजूर होती’ याला उत्तर लवकर मिळतं.