किंमत नाही, शिवण बघा

लातूरचं मावसबहिणीचं लग्न आटोपून आम्ही नांदेडला आलो आणि आईने कपड्यांचे दोन ढीग केले. महागाचे ड्रायक्लीनला, बाकीचे बादलीत. माझा ब्लेझर आणि तिची पैठणी पहिल्या ढिगात गेली, बाबांचा जुना लोकरी स्वेटर दुसऱ्यात. बहुतेक घरांत अशीच वाटणी होते. पण पाण्याला किंमत कळत नाही. कपड्याला काय लागलंय आणि त्यात किती वेगवेगळ्या वस्तू एकत्र शिवल्यात, हे दोन प्रश्न जास्त उपयोगाचे.

ड्रायक्लीनिंग म्हणजे कोरडी धुलाई नव्हे. त्यात पाण्याऐवजी पेट्रोलियमपासून काढलेलं किंवा पर्क्लोरोइथिलिनसारखं द्रावण वापरतात. ते धाग्यात शिरून त्याला फुगवत नाही, म्हणून कपडा आटत नाही. तेल, तूप, मेकअप ते सहज विरघळवतं. घामाचं मीठ, चहा, सरबत मात्र पाण्यात विरघळणारे. ते नुसत्या द्रावणाने नीट निघत नाहीत. त्यामुळे ड्रायक्लीन करून आणलेल्या ब्लेझरला काखेत वास येतो, तेव्हा दर वेळी दुकानदाराने फसवलेलं असतंच असं नाही.

ब्लेझरच्या छातीवर बोटांच्या चिमटीत बाहेरचं कापड आणि आतलं कापड धरून हळूच वेगळं ओढून बघा. मध्ये तिसरा सुटा थर हाताला लागला, तर आत शिवलेला कॅनव्हास आहे. लागला नाही आणि बाहेरचं कापडच जाड, ताठ वाटलं, तर फ्यूजिंग आहे, म्हणजे गरम इस्त्रीने चिकटवलेला थर. माझा ब्लेझर फ्यूजिंगचा निघाला. असा ब्लेझर बादलीत बुडवला की बाहेरचं कापड, अस्तर आणि खांद्याची पॅडं आपापल्या मापाने आटतात, डिंक जागोजागी सुटतो आणि छातीवर फुगे येतात. ते फुगे नंतर इस्त्रीने क्वचितच बसतात. म्हणून ब्लेझर दुकानातच दिला. पण आधी दोन दिवस वाऱ्यावर टांगला, काखेतलं अस्तर ओल्या फडक्याने टिपलं आणि घामाची जागा दुकानदाराला दाखवली.

पैठणीचा प्रश्न नाजूक होता. ती आजीने घेतलेली, आणि पुढच्या लग्नात बहीण नेसणार होती. आई म्हणाली, "नुसत्या पाण्यातून काढली तर काय होतंय?" मी पांढरं सुती फडकं ओलं करून पदराच्या आतल्या बाजूला, काठाला आणि अंगाला वेगवेगळं मिनिटभर दाबून धरलं. अंगाचा जांभळा रंग उतरला नाही, काठाचा लाल उतरला. तिथेच पाण्याचा विचार संपला, कारण तो लाल पदराच्या जरीकामात पसरला असता. एकाच रंगावर चाचणी करून निर्धास्त होणारे इथेच फसतात. शिवाय खालचा फॉल सुती होता. तो न भिजवता लावलेला असेल तर पहिल्याच पाण्यात आटतो आणि साडीची खालची कड चुण्यांनी गोळा होते. आमचं बोरचं पाणी जड; साबणाचा पांढरट थर धाग्यावर बसतो आणि रेशमाची चमक जाते, ते वेगळंच.

पैठणीवर सरबत सांडलं होतं. वाळल्यावर डाग दिसत नव्हता, पण असल्या साखरेवर गरम इस्त्री फिरली की ती तपकिरी होते. म्हणून त्या जागेभोवती कच्च्या धाग्याचा टाका घालून साडी दिली.

स्वेटरमध्ये अस्तर नाही, पॅड नाही, चिकटवलेलं काही नाही. एकच वस्तू. तो घरीच धुवावा, फक्त पावडरने नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी, क्षार आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होतो. गार पाणी, लोकरीसाठीचं सौम्य द्रव साबण, हाताने नुसतं दाबणं. मग टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं आणि सावलीत आडवा पसरायचा. दोरीवर टाकला तर स्वतःच्या ओझ्यानेच लांबतो.

ड्रायक्लीनलाही मर्यादा आहेत. गोंदाने चिकटवलेले खडे, काही प्लास्टिकच्या टिकल्या आणि वरून छापलेली खडी द्रावणात सुटते किंवा विरघळते. असा ब्लाउज असेल तर आतल्या बाजूने टिकली नखाने हलवून बघा. धागा दिसला नाही तर ती चिकटवलेली आहे. तो ब्लाउज कुठेच बुडवू नये, डाग तेवढा टिपावा.

दुकानात मी एवढंच विचारतो: मशीन इथेच आहे की कपडे बाहेर जातात? बाहेर जात असतील तर डाग कशाचा, हे पावतीवर लिहून घेतो. काउंटरवर तोंडी सांगितलेलं मशीनपर्यंत पोहोचत नाही.